सव्वासहा की साडेसहा?

माझ्या भाच्याने बदलापूरला जुना टू-बीएचके फ्लॅट घेतला. लग्नाला महिना होता आणि घरात फर्निचर म्हणून आतल्या खोलीतलं भिंतीला पक्कं केलेलं कपाट तेवढं होतं. फर्निचरच्या एका दुकानात जाऊन तो किंग साइझचा पलंग पसंत करून आला. दुकानदाराने सांगितलं होतं, नव्या जोडप्याला किंगच लागतो, नंतर मूल झालं की जागा पुरते. टोकन द्यायच्या आधी त्याने मला फोन केला, कारण घरं मोजून फर्निचरचे आराखडे काढून देणं हे गेली वीस वर्षं माझं काम आहे. मी त्याला एकच प्रश्न विचारला, "पलंग बाहेरून किती इंचांचा आहे?" तो म्हणाला, "मावशी, किंग म्हणजे सहा बाय साडेसहा ना?" सहा बाय साडेसहा हे गादीचं माप झालं. पलंगाचं बाहेरचं माप त्याला माहीत नव्हतं, दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि बिलावरही ते कधी लिहिलेलं नसतं. लहान खोलीत सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आपल्याकडे गादीचं माप पूर्वी फुटांत बोललं जायचं. गादीवाला दारात बसून कापूस पिंजायचा आणि विचारायचा, तीन बाय सहा की चार बाय सहा? आता कंपन्या इंचांत लिहितात आणि वेबसाइटवर सेंटीमीटर दिसतात, पण त्या आकड्यांखाली फूटच आहेत. लांबी तीन प्रकारची मिळते : ७२, ७५ आणि ७८ इंच. म्हणजे सहा फूट, सव्वासहा फूट आणि साडेसहा फूट. सेंटीमीटरमध्ये साधारण १८३, १९०.५ आणि १९८. ८४ इंची, म्हणजे सात फुटी गादीही काही कंपन्या देतात, पण ती सहसा मागणीप्रमाणे बनवावी लागते. रुंदीचंही तसंच आहे. सिंगल म्हणजे ३० किंवा ३६ इंच (अडीच किंवा तीन फूट, ७६ किंवा ९१ सेंटीमीटर). ४८ इंचांची, म्हणजे चार फुटी गादी बहुतेक ठिकाणी डबल म्हणून विकली जाते. ती १२२ सेंटीमीटर भरते. पाच फुटी क्वीन ६० इंच, १५२ सेंटीमीटर. सहा फुटी किंग ७२ इंच, १८३ सेंटीमीटर. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, एवढं लक्षात ठेवलं की कुठलाही आकडा मोबाइलवर उलटसुलट करून बघता येतो.

ही नावं मात्र विसरलेली बरी. एखादी कंपनी ७२ बाय ७२ ला किंग म्हणते, दुसरी ७२ बाय ७८ ला, आणि दोघींचं काही चूक नाही, कारण नावाला सर्वांनी मानलेला एकच आकडा नाही. देश बदलला की गोंधळ आणखी वाढतो. इंग्लंडमधला किंग १५० बाय २०० सेंटीमीटरचा, म्हणजे रुंदीला आपली क्वीनच. अमेरिकेतली क्वीन ६० बाय ८० इंचांची, आपल्या साडेसहा फुटी गादीपेक्षा दोन इंच लांब. युरोपात १४०, १६०, १८० सेंटीमीटर रुंदी आणि २०० सेंटीमीटर लांबी चालते. तशा मापाचे पलंग आता आपल्याकडेही मिळतात आणि फसगत होते ती त्यांतच. १६० सेंटीमीटरच्या पलंगात आपली ६० इंची गादी टाकली तर रुंदीला साडेसात सेंटीमीटर मोकळे राहतात, म्हणजे तीन इंच. रोज रात्री गादी सरकते, फटीत मोबाइल पडतो, लहान मुलाचा हात अडकतो. उलट १८० सेंटीमीटरच्या पलंगात ७२ इंची गादी बसतच नाही. ती १८३ भरते, दोन्ही बाजूंनी दाबली जाते आणि मध्ये फुगते. पलंग सेंटीमीटरमध्ये घेतला तर गादीही सेंटीमीटरमध्येच मागवावी. दुकानातला माणूस "चालून जाईल" म्हणाला, तरी ऐकू नये.

लांबीचा निर्णय सोपा असतो, पण फार कमी लोक तो विचार करून घेतात. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाची उंची इंचांत घ्यायची आणि तिच्यात सहा इंच मिळवायचे. आपण झोपतो तेव्हा पाऊल काटकोनात उभं नसतं, ते पुढे पसरतं, आणि डोकंही उशाला अगदी चिकटलेलं नसतं. त्यासाठी हे सहा इंच. भाच्याची उंची पाच फूट अकरा, म्हणजे ७१ इंच. सहा मिळवले की ७७ झाले. त्याला ७८ लागणार, सव्वासहाची गादी पुरणार नाही. पाच फूट चार इंचांच्या माणसाला ७० पुरतात, त्याने सहा फुटी गादी घेतली तरी पाय बाहेर येणार नाहीत. पुढे दिसेलच की लहान खोलीत हे सहा इंच अतिशय महाग पडतात. घरात सगळेच साडेपाच फुटांच्या आत असतील तर ७२ची गादी घेण्यात कमीपणा काही नाही.

रुंदीचा हिशेब माणशी करावा. किंगवर दोघांना प्रत्येकी ३६ इंच मिळतात, म्हणजे एक अख्खी सिंगल गादी. क्वीनवर ३० इंच, लहान सिंगलइतके. चार फुटीवर माणशी २४ इंच येतात. तिथे एक जण कुशीवर वळला की दुसऱ्याला जाग येते. वर्षानुवर्षं दोन मोठ्या माणसांनी चार फुटीवर झोपावं असं मी कुणाला सांगत नाही. एकट्या माणसाला ती ऐसपैस होते, आई आणि लहान मूल असतील तरी भागतं. दोघांसाठी लहान खोलीत पाच फुटीच्या खाली जाऊ नये आणि शक्यतो वरही जाऊ नये, असं माझं मत आहे. ते का, ते बदलापूरच्या त्या खोलीत जमिनीवर दिसलं.

जुन्या मालकाने दिलेल्या प्लॅनवर खोली १० बाय ९ फूट लिहिली होती, म्हणजे १२० बाय १०८ इंच. मी टेप लावला तर ११८ बाय १०६ भरले. यात कुणी फसवलेलं नव्हतं. प्लॅनवरचं माप बहुधा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. त्यावर दोन्ही भिंतींना प्लास्टर चढतं, रंगाआधी पुट्टी होते आणि खाली फरशीची जी पट्टी भिंतीला लावतात, स्कर्टिंग, तीही थोडी पुढे येते. पलंग जमिनीवर उभा राहतो, त्यामुळे माप स्कर्टिंगपासून स्कर्टिंगपर्यंत घ्यायचं. तेही एका जागी घेऊन भागत नाही. भिंतीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये असं तीनदा मोजायचं आणि सर्वांत लहान आकडा धरायचा. जुन्या इमारतींत समोरासमोरच्या भिंती समांतर नसतात; एका टोकाला ११८ आणि दुसऱ्या टोकाला ११७ असं मी कितीदा पाहिलं आहे. सुतार अजून सूत वापरतात. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. तुमचा सुतार "दोन सूत कमी करतो" म्हणाला, तर तो पाव इंच म्हणतो आहे.

आता ती खोली डोळ्यांसमोर आणा. १०६ इंचांच्या एका भिंतीला कपाट आहे, ७० इंच रुंद आणि २४ इंच खोल, चार दारांचं. बरोबर समोर ११८ इंचांवर खिडकीची भिंत. खोलीचं दार कपाटाच्या कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीला. ते आत उघडतं आणि कपाटाआधीच्या मोकळ्या भिंतीला टेकतं, म्हणजे कुणाच्या आड येत नाही. कपाटाचे २४ वजा केले की कपाटापासून खिडकीपर्यंत ९४ इंच उरतात. ९४ ऐकायला बरेच वाटतात. साडेसहा फुटी गादी तर ७८ चीच आहे!

भाच्याला आधी पलंगाचं उशाचं टोक खिडकीखाली हवं होतं, म्हणजे पाय कपाटाकडे. गादी ७८ ची असली तरी पलंग ७८ चा नसतो. सुताराने प्लायचा केला तर पायथ्याची फळी पाऊण इंच, गादी सहज आत बसावी म्हणून अर्धा इंच मोकळा आणि उशाची पाटी दोन ते तीन इंच. सगळं मिळून ८२ धरायचे. दुकानातल्या पलंगाला फुगीर, कापडी पाठ असेल तर ८६ होतात, आणि उशाच्या पाटीत वस्तू ठेवायचे कप्पे असतील तर ९० च्याही पुढे जातं. ९४ मधून ८२ गेले की पायथा आणि कपाट यांत १२ इंच उरतात. कपाटाचं एक दार साडेसतरा इंच रुंद. दार उघडायच्या आधीच पलंगाला आपटणार. ती दिशा तिथेच बाद झाली.

मग उशाची भिंत दारासमोरची. ती दक्षिणेला होती, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांचाही प्रश्न सुटला. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, हे बहुतेक घरांत पाळलं जातं. पलंगाची जागा ठरवताना ते आधीच विचारून घेतलेलं बरं. पलंग बनून आल्यावर आजी नको म्हणाली की सुतार आणि आजी यांच्यामध्ये आपण उभे असतो. या दिशेने पलंगाची लांबी १०६ च्या मापात येते. ८२ गेले की पायथ्याशी २४ इंच उरतात, दोन फूट. आरामात चालायला एवढी जागा पुरते. ७२ ची गादी असती तर तिथे ३० इंच मिळाले असते आणि भिंतीशी एक अरुंद टेबल बसलं असतं. ते सहा इंच महाग म्हणाले ते असे. पण भाच्याचे पाय तर ७७ पर्यंत जाणार होते.

खरा पेच रुंदीचा होता. मी खडू घेतला. आधी किंगच्या पलंगाचा आयत फरशीवर काढला, ७६ बाय ८२, खिडकीच्या भिंतीला चिकटवून. भाच्याला म्हटलं, आता कपाटातून शर्ट काढ. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये १८ इंच उरले होते. दार साडेसतरा इंचांचं, ते उघडलं खरं, पण त्याच्या पुढे उभं राहायला जागा उरली नाही. तो बाजूला सरकला आणि खडूच्या रेषेच्या आत, म्हणजे पलंगावर, उभा राहिला. कपाटाच्या आतले खण २० इंच खोल होते. ते पूर्ण बाहेर आलेच नसते. त्याने खाली वाकून रेघेकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे रोज सकाळी गादीवर चढून कपडे काढायचे." त्याची होणारी बायको तोवर दाराशी उभी होती. ती आत आली, कपाटापाशी वाकायचा प्रयत्न केला आणि काही न बोलता खडू उचलून तिने स्वतःच रेघ आत घेतली.

क्वीनचा आयत काढला, ६४ बाय ८२. ६४ का, तर गादी ६०, दोन्ही बाजूंच्या फळ्या मायका धरून जवळजवळ दोन इंच, अर्धा इंच मोकळा आणि कडेच्या पट्ट्या. दुकानातल्या लाकडी पलंगाचे खांब जाड असतात, ते ६६ होतात. काहींची पाठ दोन्ही बाजूंना पंखासारखी पुढे येते, ती तर ७० पर्यंत जाते आणि नेमकी कपाटाच्या दाराला लागते. आता ९४ मधून ६४ गेले, ३० उरले. त्यातले तीन इंच खिडकीकडे पडद्यासाठी सोडले, कारण पडदा पलंगाखाली अडकला की रोज ओढाताण होते आणि पावसाळ्यात तिथली भिंत ओल धरते. कपाटाकडे २७ इंच राहिले. दार पूर्ण उघडलं, खण बाहेर आला, भाचा बाजूला उभा राहिला आणि वाकलाही. किंग आणि क्वीन यांच्यात फरक बारा इंचांचा. तेवढ्यावर कपाट वापरता येणार की नाही हे ठरलं.

पलंग दोन्ही बाजूंनी मोकळा हवा, असं सासरच्यांनी सुचवलं होतं. तसं करता आलं असतं का? दोन्हीकडून उतरायचं तर एका बाजूला किमान १८ इंच आणि कपाटाकडे २४ ते २७ लागतात. म्हणजे ९४ मध्ये पलंगाला पन्नासच्या आसपास उरतात, तिथे चार फुटी गादी येते. माणशी २४ इंच. रोजची सात तासांची झोप आणि दिवसातून चार वेळा उतरणं, यांत मी झोपेच्या बाजूने कौल दिला. घरात ज्येष्ठ माणूस असता, रात्री दोनदा उठणारं असतं, तर हिशेब वेगळा झाला असता. तिथे दोन सिंगल गाद्या वेगवेगळ्या भिंतींना लावणं हा खरा उपाय असतो, आणि तो सुचवताना संकोच वाटायचं कारण नाही.

मग पलंग दुकानातून घ्यायचा की सुताराकडून? भाच्याने सुतारकाकांना बोलावलं. प्लायचा पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचा येतो, ९६ बाय ४८ इंच. गादीखालची फळी ६० रुंद हवी, ४८ च्या शीटमधून ती एकसंध निघत नाही. म्हणून काकांनी दोन शीट घेऊन प्रत्येकातून ३० बाय ७८ चा तुकडा काढला आणि उरलेल्या १८ इंची पट्ट्यांतून बाजूच्या फळ्या केल्या. जोड बरोबर मधोमध येतो, त्याच्याखाली आडवा आधार नसेल तर वर्षभरात फळी वाकते आणि दोघंही मध्ये घसरतात. हा आधार आहे की नाही हे पलंग पूर्ण झाल्यावर दिसत नाही, काम चालू असतानाच बघावं लागतं. पलंग आत आणताना अडचण येत नाही, तो सुटा करता येतो. गादीचं तसं नसतं. फोमची गादी गुंडाळून डब्यातून येते, पण स्प्रिंगची गादी दुमडायची नसते. इमारतीच्या लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण आधी मोजून ठेवावं. नाहीतर ३० इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या घेता येतात. त्या हलक्या असतात, उन्हात टाकता येतात, पण मध्ये फट राहते आणि दोघांपैकी कुणाला तरी ती रोज बोचते.

खोलीत सामान ठेवायला जागा नसल्यामुळे पलंगाखाली पेटी हवीच होती. खण बाजूने उघडणारे नकोत, असं मी सांगितलं. २७ इंचांच्या वाटेत १८ इंचांचा खण ओढल्यावर समोर बसायलाच जागा राहत नाही. वरून उचलायचं हायड्रॉलिक झाकण घेतलं, पायथ्याकडून वर येणारं, कारण तिथे २४ इंच मोकळे आहेत. या झाकणाचा एक बारकावा आहे. त्याचे पिस्टन गादीच्या वजनाप्रमाणे निवडतात. हलकी फोमची गादी आणि ताकदीचे पिस्टन असले तर झाकण नीट बंदच राहत नाही. जड स्प्रिंगची गादी आणि कमी ताकदीचे पिस्टन असले तर ते वर येत नाही, आणि उचलताना कंबर धरते. म्हणून गादी आधी ठरवायची, पिस्टन नंतर. सुतारकाकांचं म्हणणं, गादी येऊन एकदा अंथरली की मगच ते पिस्टन लावतात. मला ते पटलं. पेटी १२ इंच उंच आणि गादी सहा, म्हणजे जमिनीपासून १८ इंच. खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. आठ इंची गादी आणि पंधरा इंची पेटी केली असती तर पाच फूट तीन इंचांच्या भाचेसुनेचे पाय जमिनीला टेकले नसते.

गादी आली ती घरी मोजूनच घेतली. गाद्या कारखान्यात कापल्या जातात, त्यात अर्धा-एक इंचाचा फरक पडतो. लेबलवर ६० बाय ७८ लिहिलेलं असतं आणि टेपवर कधी ५९ दिसतात. डब्यातून काढलेली फोमची गादी लगेच मोजायची नाही, ती पूर्ण फुगायला एखादा दिवस लागतो. मग ती पलंगात टाकून चारही बाजूंनी बोट घालून बघायचं. एक बोट जाईल एवढी फट बरोबर, त्यात चादर खोचता येते. बोट जातच नसेल तर चादर बदलताना नखं तुटतात. चार बोटं सहज जात असतील तर ती गादी परत पाठवावी, मध्ये फोमची पट्टी घालून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नये. ती पट्टी दोन महिन्यांत पलंगाखाली सापडते.

चादरीचंही मापच. बाजारात डबलच्या नावाखाली बहुतेक ९० बाय १०० इंचांची चादर मिळते. पाच फुटी गादीवर ती टाकली की दोन्ही बाजूंना १५ इंच लोंबतात. सहा गादीच्या जाडीत गेले, नऊ खाली खोचायला उरले. हीच चादर किंगवर टाकली तर बाजूला नऊ येतात, जाडी गेल्यावर तीन उरतात, आणि सकाळी ती अंगाखाली गोळा झालेली असते. किंगला १०८ बाय १०८ ची चादर लागते. दुकानात "डबल बेडची चादर" मागितली की कुठली मिळेल याचा भरवसा नाही, आकडा सांगितलेला बरा. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने क्वीनची इलॅस्टिकची चादर आणली तर ती आपल्या ६० बाय ७८ वर लांबीला दोन इंच सैल बसते, तेवढं चालतं. त्यांच्या किंगची मात्र ७६ रुंद गादीसाठी असते, ती आपल्या ७२ वर सुरकुततेच.

त्या घरी पलंग बसला त्याला आता चार महिने झाले. कागदावर सुतारकाकांना मी दिलेली ओळ अशी होती : गादी ६० × ७८ × ६, कॉट बाहेरून ६४ × ८२, उशाची पाटी सरळ, अडीच इंचांहून जाड नको. फर्निचर कुणाकडूनही करून घ्या, बिलावर दोन मापं लिहून घ्या, गादीचं आणि बाहेरचं. बाहेरचं माप लिहून द्यायला दुकानदार कुरकुरला तर स्वतः टेप घेऊन शोरूममधला पलंग मोजा, उशाच्या पाठीच्या सर्वांत रुंद जागेपासून.

खिडकीकडे कोण झोपणार हा प्रश्न मात्र मी त्यांच्यावर सोडला होता, कारण आत झोपणाऱ्याला बाहेरच्याला ओलांडून किंवा पायथ्याकडून सरकत उतरावं लागतं. भाचा पहाटे पावणेसहाची लोकल पकडतो, म्हणून तो कपाटाच्या बाजूला झोपतो. कपडे रात्रीच कपाटाच्या पहिल्या दाराच्या आत अडकवून ठेवतो, २७ इंचांत उभा राहून अंधारातच तयार होतो आणि तिची झोप मोडत नाही.